फोटोखालची ओळ तुमचीच हवी

"निसर्गाच्या कुशीत, ढगांच्या दुनियेत! आयुष्य एकदाच मिळतं, भरभरून जगा."

माझ्या मावसबहिणीने कळसूबाईच्या शिखरावरच्या आपल्या फोटोसाठी ही ओळ लिहिली आणि इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी मला पाठवली. खाली तिचा प्रश्न होता, "ठीक वाटतंय का गं? काहीतरी खुसखुशीत आणि माझं वाटेल असं हवंय, पण सुचतच नाहीये." फोटो छान होता. अंगात जांभळा रेनकोट, ओले केस कपाळाला चिकटलेले, एक हात देवीच्या लहानशा देवळाच्या भिंतीला टेकवलेला आणि चेहऱ्यावर दमलेलं पण मनापासूनचं हसू. तिच्या मागे मात्र काहीही नव्हतं. दरी नाही, डोंगर नाही, आकाशही नाही. जुलैतलं दाट धुकं, म्हणजे नुसता पांढरा कागद.

मासिकाच्या कामात फोटोओळी लिहिणं आणि इतरांच्या दुरुस्त करणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे असे प्रश्न घरच्यांकडून येतच असतात. पण हा फोटो आणि ही ओळ एकमेकांपासून इतकी दूर होती, की ती ओळ कशी बदलली हे सविस्तर सांगण्याजोगं आहे. प्रवासाच्या फोटोंखाली आपण काय लिहितो आणि तिथे काय लिहिता आलं असतं, यातलं अंतर या एका उदाहरणात नीट दिसतं.

पहिली तपासणी अगदी सोपी आहे. ओळ उचलायची आणि दुसऱ्या फोटोखाली ठेवून बघायची. "निसर्गाच्या कुशीत, ढगांच्या दुनियेत" ही ओळ मुन्नारच्या चहाच्या मळ्याखाली चालते, महाबळेश्वरच्या पॉइंटखाली चालते, माळशेज घाटात गाडी थांबवून काढलेल्या सेल्फीखालीही चालते. मग नाव बदलून बघायचं. बहिणीच्या जागी तिच्या शेजारणीने हीच ओळ टाकली असती तर कुणाला फरक जाणवला असता का? नसता. जी ओळ जागा बदलली तरी चालते आणि माणूस बदलला तरी चालते, ती त्या फोटोची नाही.

अशा ओळी सुचतात यात कुणाच्या बुद्धीचा दोष नसतो. शाळेतल्या निबंधांनी आपल्याला निसर्ग म्हटलं की कुशी, डोंगर म्हटला की कणखर आणि समुद्र म्हटला की अथांग असं शिकवून ठेवलं आहे. त्यावर सहलींच्या जाहिरातींनी स्वर्ग, नंदनवन आणि अविस्मरणीय हे शब्द घातले. ही शब्दांची पुंजी तयारच असते. फोटो टाकायची वेळही अशी असते, की परतीच्या गाडीत आपण अर्धवट झोपेत असतो, रेंज नुकतीच आलेली असते आणि ग्रुपवर इतरांचे फोटो पडायला लागलेले असतात. घाईत हात तयार शब्दांकडे जातो. शिवाय आपल्याला वाटतं, की एवढा मोठा डोंगर चढून आलो तर ओळही तशीच मोठी हवी. गफलत इथेच होते. मोठेपणा सांगायचं काम फोटोने केलेलं असतं, आणि नसेल केलं तर विशेषणांनी ते भरून निघत नाही.

शि. द. फडणीसांची व्यंगचित्रं मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. त्यांची बहुतेक चित्रं शब्दांवाचून हसवतात, कारण सांगायचं ते सगळं रेषेत आलेलं असतं. तिथे खाली एक वाक्य जोडलं असतं तर चित्र अधू झालं असतं. उलट ज्या व्यंगचित्राखाली ओळ असते, तिथे चित्र झाकून नुसती ओळ वाचली तर ती अर्धी वाटते आणि ओळ झाकून चित्र पाहिलं तर तेही अर्धंच. दोन्ही एकत्र आली की हसू येतं. फोटोखालच्या ओळीलाही हाच नियम लागतो. डोळ्यांना जे दिसतंय तेच शब्दांत पुन्हा सांगितलं तर ओळ वाया जाते. चौकटीच्या बाहेर राहिलेलं काहीतरी तिने आत आणायला हवं.

म्हणून मी बहिणीला नवी ओळ सुचवली नाही. तिला फोन केला आणि विचारलं. माझे प्रश्न ठरलेले असतात. फोटो काढायच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं? फोटो कुणी काढला आणि काढताना ते माणूस काय म्हणालं? वाटेत कोण भेटलं? काय खाल्लं? ठरवलं होतं त्यापेक्षा वेगळं काय झालं? घरी आल्यावर सगळ्यात आधी कुठली गोष्ट सांगितलीस? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा. माणूस फोटोखाली लिहायला बसला की निबंध लिहितो, पण दारातून आत येताच, चपला काढता काढता जे सांगतो ते खरं त्याचं असतं.

ती सांगू लागली. पहाटे बारी गावात पोहोचले. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं, अकोले तालुक्यातलं गाव. तिथून नेहमीच्या वाटेने चढायला तीन ते चार तास लागतात, आणि मधल्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. तिच्या गुडघ्यांची तक्रार पहिल्या शिडीलाच सुरू झाली. मुलगी पुढे, नवरा मागे आणि ही मध्ये कठड्याला धरून. वाटेत ताडपत्रीखाली एक आजी काकड्या आणि लिंबूसरबत विकत बसल्या होत्या. बहिणीने काकडी घेतली, मीठ-तिखट लावून घेतलं आणि विचारलं, "आजी, वरून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं ना?" आजींनी काकडी चिरता चिरता वर बघितलंही नाही. म्हणाल्या, "आज वर काही दिसायचं नाही, बाई." हे तिघं तरी चढले. वर पोहोचले. काहीही दिसलं नाही. मुलगी फोटो काढताना म्हणाली, "आई, तू कुठे उभी आहेस हे तुला तरी कळतंय का?" म्हणून फोटोत ते हसू आलंय.

हे सगळं तिने मला एका दमात, हसत हसत सांगितलं. ओळ इथेच कुठेतरी होती. तिला फक्त बाहेर काढायचं होतं.

तिने स्वतः केलेला पहिला बदल असा होता: "कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. धुक्यात हरवलेली वाट, लोखंडी शिड्यांचा थरार आणि कुटुंबाची साथ." माहिती बरोबर आहे, फोटोत न दिसणाऱ्या दोन गोष्टीही आल्या आहेत. पण हे कुठल्याही माहितीपत्रकातलं वाक्य आहे. शिड्यांचा थरार आला, तिचा गुडघा आला नाही. कुटुंबाची साथ आली, मुलीचा टोमणा आला नाही. तपशील असला म्हणजे ओळ वैयक्तिक होते असं नाही. तो तपशील त्या दिवशी त्या माणसाला मिळालेला असावा लागतो. १६४६ मीटर हा आकडा सगळ्यांचा आहे, काकडी चिरणाऱ्या आजी तिच्या.

मग तिला कोटी सुचली. "कळसूबाईने कळस गाठला!" मराठी माणसाला कोटीचा मोह आवरत नाही आणि चांगल्या कोटीला मी कधीच नाही म्हणणार नाही. पण जागेच्या नावावर केलेली पहिली कोटी जवळपास नेहमीच आधी होऊन गेलेली असते. ते नाव ज्याच्या ज्याच्या समोर आलं, त्या प्रत्येकाला तीच सुचलेली असते. कोटी ठेवायचीच असेल तर ती फक्त त्या दिवसामुळे शक्य झालेली असावी. ही तशी नव्हती, म्हणून गेली.

त्यानंतर आलेली ओळ खरोखर चांगली होती: "माझ्या मागे भंडारदऱ्याचा जलाशय, अलंग, मदन, कुलंग आणि रतनगड. झूम करून पाहा." पांढऱ्याफटक फोटोखाली ही ओळ वाचून मी मोठ्याने हसले. स्वच्छ दिवशी कळसूबाईवरून यातलं सगळं दिसतं, त्यामुळे त्या यादीला खरेपणाचा आधार आहे. वाक्य गंभीरपणे एक सांगतं आणि फोटो शांतपणे ते खोटं पाडतो. मधली जागा वाचक स्वतः भरतो आणि भरल्यावर त्याला गंमत वाटते, कारण विनोद अर्धा त्याने केलेला असतो. फोटोखालच्या विनोदाची ही सर्वांत भरवशाची रीत आहे. शब्दांनी आणि चित्राने वेगवेगळं बोलायचं, आणि दोघांमधला फरक उघड करून सांगायचा नाही. "झूम करून पाहा"च्या पुढे "हाहा, धुक्यामुळे काहीच दिसलं नाही" असं लिहिलं असतं, तर वाचकाचा वाटा आपणच काढून घेतला असता.

तरीही मी तिला थांबवलं. ओळ गमतीची आहे, पण ती तिची आहे का? पावसाळ्यात कळसूबाईवर गेलेला कुणीही ती लिहू शकतो. नावाची तपासणी इथे पुन्हा अडते. तिने मागितलं होतं ते "खुसखुशीत आणि माझं". पहिली अट पुरी झाली, दुसरी राहिली. मी तिला म्हटलं, "तू मला फोनवर आजींचं सांगितलंस ना, तेच सांग. पण दोन वाक्यांत."

तिने लिहिलं: "आजींनी सांगितल्याप्रमाणे वर धुक्यामुळे काहीच दिसलं नाही, पण आम्ही तीन तास चढून गेलो आणि खूप मजा आली, काकडीही मस्त होती."

सगळा ऐवज आला होता, फक्त क्रम चुकला होता. "काहीच दिसलं नाही" हे सुरुवातीलाच सांगून टाकल्यावर पुढे वाचण्यासारखं उरत नाही. "खूप मजा आली" हा निकाल लेखिकेने दिला, तो वाचकाला देऊ द्यायला हवा होता. काकडी चवीला कशी होती हे आजींच्या ओळखीसाठी पुरेसं आहे, पण शेवटी आल्यामुळे वाक्य भलतीकडेच जाऊन संपतं. गोष्ट जशी घडली तशी मांडायची: आधी आजींचं बोलणं, मग चढण, मग शेवट. आणि ज्या शब्दावर हसू फुटणार तो शब्द अगदी टोकाला. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ही अशा वेळी मोठी सोय आहे. वाचकाला शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही, की या माणसांनी नेमकं काय केलं.

दोन-तीन वेळा उलटसुलट करून ओळ अशी झाली:

"काकडीवाल्या आजी वाटेतच म्हणाल्या होत्या, 'आज वर काही दिसायचं नाही, बाई.' आम्ही तीन तास चढून खात्री करून आलो."

आता फोटो पाहा. पांढरी पार्श्वभूमी आता फोटोतली उणीव राहिली नाही, ती आजींच्या बोलण्याचा पुरावा झाली. बहिणीचं दमलेलं हसूही कळलं. चढ, धुकं, आजी, बाईंचा हट्ट, सगळं आलं आणि एकही विशेषण लागलं नाही. "खात्री करून आलो" हे शब्द आपण बँकेत, कचेरीत, कुलूप लावलं की नाही हे बघायला परत जाताना वापरतो. डोंगरमाथ्यावर तेच गंभीर शब्द आले की हसू येतं. त्याऐवजी "तरीही वेड्यासारखे वर गेलो" असं लिहिलं असतं, तर आपण आपल्यालाच वेडं म्हणून मोकळे झालो असतो आणि वाचकाला करण्यासारखं काही राहिलं नसतं. "खात्री केली" आणि "खात्री करून आलो" यांतही फरक आहे. दुसऱ्यात जाणं आणि परतणं दोन्ही येतं, बोलण्याचा सूर राहतो आणि एका साध्या कामाला जाऊन आल्यासारखं वाटतं.

आजींच्या वाक्यावर आमचा थोडा वाद झाला. बहिणीला ते खटकत होतं. तिला "आज वरून काहीही दिसणार नाही" असं शुद्ध करायचं होतं. मी तिला तसं करू दिलं नाही. "दिसायचं नाही" यात आजींचा ठामपणा आहे, त्या डोंगराचा रोजचा अनुभव आहे. "दिसणार नाही" म्हटलं की हवामान खात्याचा अंदाज होतो. शेवटचं "बाई" काढलं तर समोर कोण होतं तेही हरवतं. उलट बाजूचाही धोका आहे. कुणी गावाकडचं बोलणं आणायचं म्हणून प्रत्येक शब्दाचं लेखन मोडतं, आणि मग वाचक माणसाच्या बोलण्याला हसण्याऐवजी माणसाला हसायला लागतो. कानावर पडलेला एखादा खास प्रयोग ठेवावा, बाकी सरळ लिहावं. या ओळीत शहाण्या आजी आहेत आणि हसं होतंय ते चढणाऱ्यांचं. प्रवासात भेटलेल्या माणसांबद्दल लिहिताना हा क्रम सांभाळायलाच हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं. आपण त्यांच्या गावी पाहुणे म्हणून जातो. त्यांच्या कपड्यांवर, बोलण्यावर किंवा हॉटेलच्या पाटीवरच्या चुकीवर केलेला विनोद हा आपल्या प्रवासाचा विनोद नव्हे.

घरच्यांच्या बाबतीतही तेच. नवऱ्याच्या पोटावर किंवा मुलीच्या घाबरण्यावर ओळ बेतायची असेल, तर टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवावी. ते हसले तरच टाकावी.

कुणी म्हणेल, धुकं पडलं, आजी भेटल्या, हे नशीब. आमच्या सहलीत काहीच झालं नाही, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, सूर्यास्त छान झाला, मग काय लिहायचं? असाही एक फोटो माझ्या समोर आला होता. दापोलीजवळच्या मुरूडचा समुद्रकिनारा, संध्याकाळचा सोनेरी उजेड, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे असलेले एक गृहस्थ. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. मुलाने खाली लिहिलं होतं, "सोनेरी सांज, अथांग सागर आणि मी." वास्तविक तो स्वतः फोटोत नव्हताच, ते त्याचे बाबा होते! मी विचारलं, "बाबा काय करतायत?" तो म्हणाला, "काही नाही हो, पाय भिजवतो म्हणून गेले आणि येईचनात. आम्ही गाडीत बसून हाका मारत होतो."

ओळ झाली: "बाबा 'पाच मिनिटं पाय भिजवून येतो' म्हणाले, त्याला आता पाऊण तास झाला."

इथे काहीच बिनसलेलं नाही. तरी ओळ हसवते आणि थोडी हळवीही करते, कारण समुद्र किती सुंदर होता हे सांगायचं काम तिने बाबांच्या उभं राहण्यावर सोपवलं आहे. अथांग म्हणण्यापेक्षा पाऊण तास म्हणणं कितीतरी जास्त सांगतं. "झाला" हे क्रियापद आत्ताच्या क्षणाचं आहे, त्यामुळे फोटो बघताना बाबा अजून तिथेच उभे आहेत असं वाटतं. आणि आजींच्या ओळीतली खूण इथेही सापडते, ती म्हणजे कुणाचं तरी बोललेलं वाक्य आणि त्यानंतर प्रत्यक्षात घडलेली गोष्ट. काहीच सुचत नसेल तेव्हा हीच जोडी शोधावी. सहलीला निघताना कोण काय म्हणालं होतं आणि झालं काय? "मी फक्त चहा घेईन" म्हणणाऱ्याने मिसळीच्या किती प्लेट संपवल्या? "मला नकाशा लागत नाही" म्हणणाऱ्याने गाडी कुठे नेली? प्रत्येक सहलीत अशी निदान एक तरी जोडी असतेच, फक्त ती कुणी टिपून ठेवत नाही. फोनमधल्या नोंदवहीत त्याच संध्याकाळी ते एक वाक्य, जसंच्या तसं, लिहून ठेवलं तर पुढे ओळीसाठी डोकं खाजवावं लागत नाही. आठवणीतून लिहिलेलं बोलणं हळूहळू पुस्तकी होत जातं. "दिसायचं नाही"चं "दिसणार नाही" असंच होतं.

गोष्ट बनवू मात्र नये. न भेटलेल्या आजी ओळीत आणल्या, की सोबत असलेल्या माणसाला ते लगेच कळतं आणि पहिली कमेंट तोच करतो.

उसनी गंमत हा दुसरा सापळा. सिनेमातला संवाद, गाण्याचा मुखडा, रजा मंजूर झाल्याचा विनोद, परदेशात मेतकूट-भात खाल्ल्याचा विनोद. यातलं बरंच पहिल्यांदा कुणाला तरी खरंच सुचलेलं होतं, म्हणून ते गमतीचं होतं. स्वित्झर्लंडच्या बर्फात कुणाच्या तरी आईने डब्यातून पहिल्यांदा पोहे काढले तेव्हा ती बातमी होती. आता "आल्प्समध्ये पोहे" एवढंच लिहून कुणी हसत नाही. पण त्या पोह्यांवर लिंबू पिळायला विसरल्यामुळे आईने शेजारच्या बाकावरच्या स्विस आजोबांकडे हातवारे करून लिंबू मागितलं असेल, तर ती ओळ पुन्हा जिवंत होते. जुना विषय वर्ज्य नाही. त्यात आपल्या दिवसाची एक गोष्ट मात्र हवी.

काही फोटोंना गंमत नकोच असते. गडावरची समाधी, हुतात्म्यांचं स्मारक, वारीत भेटलेल्या एखाद्या थकलेल्या माणसाचा चेहरा, पूर येऊन गेलेलं गाव. तिथे ठिकाण, तारीख आणि माणसाचं नाव हवं असेल तर त्याच्या परवानगीने, एवढं पुरे. वर्तमानपत्रातली साधी फोटोओळ पिढ्यान् पिढ्या हेच करत आली आहे. आणि फोटो इतका बोलका असेल की पाहणारा थबकतो, तर फडणीसांची रीत पाळावी आणि गप्प बसावं.

लांबीचं थोडं सांगते. इन्स्टाग्राम फोटोखाली २,२०० अक्षरखुणांपर्यंत लिहू देतं, पण फोटो सरकवत जाणाऱ्याला सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं सगळं `more` च्या मागे दडतं. त्यामुळे गमतीची ओळ आधी यायला हवी. ठिकाणाची माहिती, वाटेचं वर्णन, सोबतच्यांची नावं, हे द्यायचं असेल तर खाली, एक ओळ मोकळी सोडून. बहिणीने तसंच केलं. आजींच्या ओळीनंतर तिने लिहिलं, "कळसूबाई, बारीमार्गे. शिड्या पावसात निसरड्या असतात, सावकाश चढा." ही माहिती आता चांगली वाटते, कारण तिला कुणी ओळीची जागा बळकवायला लावलेली नाही. हॅशटॅग आणि हिरव्या हृदयांची रांग तिने स्वतःच काढून टाकली. वाक्य उभं राहिल्यावर ती अडगळ वाटू लागली असणार. हृदयाचं चिन्ह वाईट नसतं, पण विनोदाच्या टोकाला ते लावलं की शेवटच्या शब्दावरचा जोर त्याच्यावर जातो.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र तिने तोच फोटो वेगळ्या ओळीने टाकला: "गुडघ्यांनी पहिल्या शिडीला राजीनामा दिला होता, तो स्वीकारला नाही." तिचे गुडघे हा आमच्या घरातला जुना विषय आहे, त्यामुळे ग्रुपवर हसण्याच्या चिन्हांचा पाऊस पडला. इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी माणसाला त्या गुडघ्यांचं काय? त्याला आजी कळतात, कारण आजींची गोष्ट ओळीतच पूर्ण आहे. वाचणारा कोण आहे यावर ओळ ठरते, आणि एकाच फोटोला दोन ओळी असायला काहीच हरकत नाही.

ओळ जमली की नाही हे मी दोन माणसांना वाचून दाखवून ठरवते. एक सहलीत सोबत असलेला आणि एक नसलेला. सोबत असलेल्याने "अगदी असंच झालं" म्हणायला हवं. सोबत नसलेल्याने फोटोकडे पुन्हा एकदा बघायला हवं. नसलेला माणूस "म्हणजे काय?" असं विचारत असेल तर ओळीत एखादा दुवा राहिला आहे, तो घालावा. तो नुसतंच "छान आहे" म्हणत असेल तर ओळ अजून निबंधातच आहे. बहिणीची ओळ मी आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला दाखवली. त्याने वाचली, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "आजी परत येताना भेटल्या का?"

भेटल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती आणखी एक काकडी पुढे केली. पण ते बहिणीने ओळीत घातलं नाही आणि बरोबरच केलं. एका ओळीत एकच गोष्ट मावते. दुसरी गोष्ट त्या दिवसाच्या दुसऱ्या फोटोसाठी राखून ठेवावी.

इन्स्टाग्रामवर आधी टाकलेल्या फोटोची ओळही `Edit` मध्ये जाऊन केव्हाही बदलता येते, फोटो काढून पुन्हा टाकावा लागत नाही. तेव्हा तुमच्या जुन्या फोटोंमध्ये कुठे "निसर्गाच्या कुशीत" सापडलं, तर त्या दिवशी सोबत असलेल्या माणसाला फोन करा आणि विचारा, "तेव्हा कोण काय म्हणालं होतं, आठवतंय का?" तो जे सांगेल ते लगेच, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.